डायफ्रॅमच्या तिन्ही वाटा आमच्या टेबलावर एकेक मणका खाली कशा आल्या?

पळसफूल
नमस्कार. मी नागपुरात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शिकते. गेल्या आठवड्यात आमच्या टेबलावर पोटाचे डिसेक्शन डायफ्रॅमपर्यंत पोहोचले आणि यकृत, जठर वगैरे बाजूला काढल्यावर तिन्ही मोठ्या वाटा स्वच्छ दिसू लागल्या. पुस्तकात आयव्हीसीची वाट टी ८ ला, अन्ननलिकेची टी १० ला आणि महाधमनीची टी १२ ला दिलेली आहे. हे आम्ही पाठ केले होतेच, पण एकदा स्वतः मोजून पाहावे असे आम्हा आठ जणांना वाटले.

देह उताणा असल्यामुळे आम्ही गवंडी वापरतात तसा ओळंबा केला. दोऱ्याला एक लहान नट बांधला, दोरा आयव्हीसीच्या वाटेच्या मधोमध धरून खाली सोडला आणि नट कण्याच्या ज्या उंचीला टेकला तो मणका धरला. अन्ननलिकेसाठीही तसेच केले. महाधमनीला ओळंब्याची गरजच पडली नाही, कारण ती मणक्याला चिकटूनच असते. त्यानंतर खालून मोजत आलो. पाठीत हाताला लागणारी शेवटची बरगडी बारावी धरली, ती ज्या मणक्याला जोडलेली आहे तो टी १२ धरला आणि तिथून वर चढलो.

उत्तर असे आले: आयव्हीसी टी ९, अन्ननलिका टी ११ आणि महाधमनी चक्क एल १. शिकवणाऱ्यांना विचारले तर "पुस्तकात आहे तेच जर्नलमध्ये लिहा" एवढेच उत्तर मिळाले. माझा प्रश्न असा आहे की आमचा देह वेगळा आहे, पुस्तक ढोबळ आहे, की आम्ही कुठेतरी चुकलो?

बर्डीचा_बंड्या
मी दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून अधिकाराने सांगतो की मोजत बसू नका. इंग्रजीत व्हीना कॅव्हाची अक्षरे ८, ईसोफेगसची ब्रिटिश स्पेलिंगने १० आणि एओर्टिक हायेटसची १२ होतात, म्हणजे देवाने नावे ठेवतानाच सोय करून ठेवली आहे. मराठीत मात्र 'महाधमनी' मोजून पाचच अक्षरे भरतात, तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्यांची महाधमनी टी ५ ला असावी.

गंभीरपणे सांगायचे तर व्हायवात मला तीन आकडे विचारले नव्हते. "श्वास घेताना तिन्ही वाटांचे काय होते?" असा प्रश्न होता. डायफ्रॅम आकुंचन पावतो म्हणून तिन्ही वाटा आवळल्या जातात, असे मी उत्तर दिले आणि परीक्षकांनी चष्म्यावरून जे पाहिले ते मी विसरलेलो नाही. नेमके काय चुकले हे मात्र आजही मला नीट सांगता येणार नाही.

धंतोली_क्षकिरण
पळसफूल, तुमचे आकडे पाहून मला अजिबात आश्चर्य वाटले नाही. मी रोज सीटी वाचतो आणि पुस्तकातला टी ८ मला क्वचितच भेटतो. आम्ही रुग्णाला दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगतो, त्यामुळे डायफ्रॅम खाली उतरलेला असतो आणि आयव्हीसीची वाट टी १० किंवा त्याच्याही खाली दिसते. कित्येकदा ती आणि अन्ननलिकेची वाट जवळजवळ एकाच पातळीला येतात. पुस्तकातले आकडे उताण्या मृतदेहांवरून आलेले आहेत, जिवंत माणूस तसा नसतो. माणसामाणसांत फरक असतोच, तेव्हा तुमचा देह थोडा वेगळा आहे एवढेच. ९, ११ आणि एल १ असे निःसंकोच लिहा.

अंबाझरीकर
मी डॉक्टर नाही, परंतु शीर्षक वाचून थांबलो. माझ्या आईला जेवणानंतर छातीत जळजळ होते आणि मागच्या महिन्यात दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा हायेटस हर्निया असल्याचे सांगितले. त्या कागदावर "झेड लाइन ३५, हायेटस ३९" असे लिहिले आहे. इथे अन्ननलिकेची वाट दहाव्या मणक्याजवळ असते असे वाचले आणि आईची पाठही साधारण तिथेच दुखते. म्हणजे तिचा दहावा मणका सरकल्यामुळे ती वाट सैल झाली असे समजायचे का? आणि ३५, ३९ हे मणक्यांचेच क्रमांक आहेत का? एवढे मणके माणसाला असतात हे मला माहीत नव्हते.

बर्डीचा_बंड्या
काका, ३९ मणके सापाला शोभतील. आईंना सावजी रस्सा काही दिवस बंद ठेवायला सांगा, बाकीचे जाणकार सांगतीलच.

निवृत्त_शरीररचना
मी शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे हा धागा वाचून हात शिवशिवले. आधी अंबाझरीकरांना उत्तर देते, कारण त्यांची काळजी खरी आहे. ३५ आणि ३९ हे सेंटिमीटर आहेत आणि ते समोरच्या दातांपासून मोजलेले आहेत. ३५ सेंटिमीटरवर अन्ननलिकेचे फिकट अस्तर संपून जठराचे लालसर अस्तर सुरू झाले आणि ३९ वर डायफ्रॅमची चिमट दिसली, म्हणजे जठराचा साधारण ४ सेंटिमीटर भाग वाटेतून वर छातीत सरकलेला आहे. चिमट नेमकी कुठे आहे ते कळावे म्हणून तपासणारे रुग्णाला श्वास आत ओढायला सांगतात, कारण त्या क्षणी ती वाट आवळली जाते. यात मणक्याचा काही दोष नाही. दहावा मणका हा केवळ पत्ता आहे, घर त्याच्या मालकीचे नाही. पाठदुखी वेगळी दाखवावी.

आता बंड्या. 'तिन्ही आवळतात' हे तुझे उत्तर तिनांपैकी एकाच वाटेबद्दल बरोबर होते. अन्ननलिकेभोवती उजव्या क्रसचे स्नायुतंतू दोन्ही बाजूंनी वळसा घालतात, त्यामुळे स्नायू आकुंचला की ती वाट चिमटते आणि जठरातले वर येत नाही. आयव्हीसीची वाट मात्र स्नायूत नसून मधल्या कंडरेत आहे. चारी बाजूंनी स्नायू त्या कंडरेला ओढतात तेव्हा ताणलेल्या कापडातले भोक जसे रुंदावते तशी ती वाट रुंदावते, आणि आयव्हीसीची भिंत तिच्या काठाला चिकटलेली असल्याने शीरही उघडी राहते. श्वास घेताना रक्त हृदयाकडे अधिक सहज जाते, त्याला याचाही हातभार लागतो. महाधमनी तर डायफ्रॅमच्या आरपार जातच नाही. दोन्ही क्रसना जोडणाऱ्या मीडियन आर्क्युएट लिगामेंटच्या मागून, मणक्याला लागून ती खाली उतरते, म्हणून स्नायूने कितीही जोर केला तरी तिला सहसा काही होत नाही.

पळसफूल, तुझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम नंतर देते. आधी मला दोन गोष्टी सांग. पाठीखाली लाकडी ठोकळा होता का? आणि शेवटची बरगडी तुम्ही आतून पाहिली, की कातडी-स्नायूंवरून बोटांनी चाचपली?

तेलंगखेडी_पीजी
मॅडम, एक दुरुस्ती सुचवतो. आयव्हीसीसोबत उजवी फ्रेनिक नर्व्ह जाते हे परीक्षेत लिहितात, पण आमच्या दोन देहांत ती वाटेच्या शेजारून कंडरा भेदून गेलेली मी पाहिली आहे. डावी तर डाव्या घुमटाच्या स्नायूतूनच जाते. तेव्हा 'टी ८ ला आयव्हीसी आणि उजवी फ्रेनिक' असे सरसकट शिकवणे योग्य नाही.

निवृत्त_शरीररचना
मान्य आहे. दोन्ही प्रकार मीही पाहिले आहेत आणि परीक्षेत 'वाटेतून किंवा तिच्या लगतहून' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी कधी कापले नाहीत. ॲझायगस शिरेबद्दलही असाच वाद आहे, काही देहांत ती महाधमनीसोबत दिसते, काहींत उजव्या क्रसमधून. तो वाद इथे मिटणार नाही, त्यामुळे आपण पळसफूलच्या ओळंब्याकडे परत जाऊ.

पळसफूल
मॅडम, ठोकळा नव्हता, देह सपाट टेबलावर होता. बरगडी मात्र आम्ही मागून, पाठीच्या स्नायूंवरून चाचपली. छातीचे डिसेक्शन आधीच झालेले असल्यामुळे समोरच्या बरगड्या कापून काढलेल्या होत्या, म्हणून छातीच्या हाडावरून दुसरी बरगडी ओळखून खाली मोजता आले नाही.

निवृत्त_शरीररचना
माझा संशय तिथेच होता. आता धंतोलीकरांचे म्हणणे आणि तुझे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

डायफ्रॅम हे उतरत्या छपरासारखे आहे. समोर ते उंच आहे आणि मागे उतरत उतरत कंबरेच्या मणक्यांना टेकते. तीन वाटा या उतारावर पुढून मागे अशा आहेत, म्हणून आयव्हीसी वर, अन्ननलिका मध्ये आणि महाधमनी सर्वांत खाली येते. श्वासासोबत हे छप्पर हलते, पण सगळीकडे सारखे हलत नाही. मागची बाजू मणक्याला बांधलेली असल्यामुळे महाधमनीची कमान जवळजवळ जागची हलत नाही, आणि आयव्हीसीची वाट मात्र दीर्घ श्वासात एखादा मणका सहज खाली जाते. म्हणून श्वासाने किंवा शरीराच्या ठेवणीने फरक पडला असता तर तो तिन्ही ठिकाणी सारखा पडला नसता. आयव्हीसी जास्त सरकली असती, अन्ननलिका कमी, आणि महाधमनी बाराव्यालाच राहिली असती. शिवाय मृतदेह दीर्घ श्वास घेऊन थांबलेला नसतो. त्याचा डायफ्रॅम शिथिल होऊन वर गेलेला असतो, त्यामुळे सीटीचे स्पष्टीकरण इथे उलट दिशेने जाते.

ठोकळ्याबद्दलही तेवढ्याचसाठी विचारले. ठोकळ्याने धड तिरपे झाले असते तर कण्यापासून सर्वांत दूर असलेल्या आयव्हीसीचा ओळंबा सर्वांत जास्त चुकला असता आणि महाधमनीचा आकडा तसाच राहिला असता.

तुझे तिन्ही आकडे मात्र बरोबर एका मणक्याने वाढलेले आहेत. तिन्ही एकाच मापाने सरकतात तेव्हा वाटा सरकलेल्या नसतात, मोजपट्टी सरकलेली असते. बारावी बरगडी कधी कधी बोटभरही नसते आणि पाठीच्या जाड स्नायूखाली पूर्ण दडलेली असते. तुमच्या बोटांना लागलेली 'शेवटची' बरगडी अकरावी असावी. तिला बारावी म्हटले की खरा टी ११ टी १२ ठरतो, खरा टी १२ एल १ ठरतो आणि खरा टी ८ टी ९ ठरतो. तुझे आकडे हेच सांगत आहेत, असा माझा अंदाज आहे. अंदाज अशासाठी म्हणते की प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी शपथ घेणार नाही.

धंतोली_क्षकिरण
मॅडमचा युक्तिवाद मी मान्य करतो. मी महाधमनीच्या आकड्याकडे लक्षच दिले नव्हते, सवयीने आयव्हीसीवर नजर गेली. जिवंत माणसाच्या सीटीत आयव्हीसीची वाट पुस्तकापेक्षा खाली दिसते, या मतावर मात्र मी ठाम आहे. एक पुस्ती जोडतो. महाधमनीची पातळी सांगताना कमानीचा कोणता बिंदू धरायचा हेही ठरलेले हवे. लिगामेंटचा खालचा काठ बऱ्याच जणांत टी १२ आणि एल १ यांच्यामधल्या चकतीपर्यंत येतो, त्यामुळे एखाद्याने एल १ लिहिले म्हणून तो चुकलाच असे म्हणता येत नाही. कुणाकुणात हा काठ आणखी खाली असतो आणि सीलिॲक धमनीला दाबतो, आणि तो दाब श्वास सोडताना वाढतो, कारण तेव्हा त्यांच्यातले अंतर कमी होते.

कामठी_रोड_मूत्रविकार
बारावी बरगडी चुकणे ही केवळ विद्यार्थ्यांची चूक नाही, हे नमूद करावेसे वाटते. मूत्रपिंडाची उघडी शस्त्रक्रिया कुशीतून करताना आम्ही बारावी बरगडी चाचपून तिच्या खालून छेद घेतो. बरगडी आखूड असेल आणि अकरावीलाच बारावी समजले तर छेद एक बरगडी वर जातो आणि फुप्फुसाच्या आवरणात शिरतो. शिकाऊ असताना माझ्याच हातून हे झाले होते. जखमेत श्वासागणिक बुडबुडे दिसले तेव्हा कळले. आवरण शिवले, आतली हवा ओढून काढली आणि रुग्ण व्यवस्थित घरी गेला, पण त्या दिवसापासून मी एक्स-रेवर बरगड्या मोजल्याशिवाय चाकू हातात घेत नाही. पळसफूल, तुमची चूक झाली असेलच तर फारच स्वस्तात झाली.

तेलंगखेडी_पीजी
आणखी एक शक्यता सुटते आहे. पाठीवर मणक्यांची टोके मोजली तरी गोंधळ होतो, कारण छातीच्या मधल्या मणक्यांची मागची टोके तिरपी खाली झुकलेली असतात आणि टी ८ चे टोक टी ९ च्या मुख्य भागाच्या उंचीला येते. यांनी तसे तर केले नाही ना?

निवृत्त_शरीररचना
मुद्दा चांगला आहे, पण दिशा तपासून पाहा. टोकांवरून मोजले असते तर टी ९ च्या उंचीला त्यांनी टी ८ म्हटले असते, म्हणजे आकडा कमी आला असता. यांचा आकडा वाढला आहे.

पळसफूल, आता असे कर. बाहेरून चाचपू नकोस. छाती रिकामी आहे, तेव्हा आतून कण्याच्या कडेला उरलेले बरगड्यांचे मागचे तुकडे वरून खाली मोज. पहिली बरगडी सपाट, रुंद आणि घट्ट वळलेली असते, ती चुकणार नाही. मात्र एक सापळा आहे. मधल्या बरगड्यांचे डोके आपल्या आणि वरच्या अशा दोन मणक्यांना मिळून टेकते, म्हणजे आठव्या बरगडीचे डोके सातव्या आणि आठव्या मणक्यांमधल्या चकतीवर असते. डोके दिसले आणि त्याच्या वरचा मणका धरला, की पुन्हा एकाने चुकशील, आणि तेही त्याच बाजूने. अकरावी आणि बारावी मात्र एकेकाच मणक्याला टेकतात. खाली पोहोचल्यावर बारावीचा तुकडा सापडेपर्यंत थांबू नकोस.

बर्डीचा_बंड्या
आणि ती सापडलीच नाही तर? बारावी बरगडी जन्मतःच नसलेली माणसे असतात असे ऐकले आहे.

निवृत्त_शरीररचना
असतात, आणि पहिल्या लंबर मणक्याला जास्तीची बरगडी असलेलीही असतात. म्हणूनच वरून मोजायला सांगितले. वरून मोजताना शेवटची बरगडी असो वा नसो, आठवा मणका आठवाच राहतो.

अंबाझरीकर
मॅडम, आपले मनापासून आभार. आईला ४ सेंटिमीटरचा अर्थ सांगितला, तेव्हा ती म्हणाली की एवढेच असेल तर रात्रीचे जेवण लवकर करते. उशाकडून पलंगाचे पाय उंच करायला तिच्या डॉक्टरांनी सांगितले होते, ते आज विटा लावून केले. पाठदुखीसाठी सोमवारी वेगळे दाखवणार आहोत.

पळसफूल
आज दुपारी पुन्हा मोजले. हॉलचे पंखे गरम वारा फेकत होते आणि फॉर्मलिनने डोळ्यांतून पाणी येत होते, पण पाच जण थांबलो. आतून पहिल्या बरगडीपासून प्रत्येक तुकड्याला अंकांच्या चिठ्ठ्या टाचणीने लावत खाली आलो. अकरावीपर्यंत सरळ गेले. अकरावीच्या खाली आधी काहीच दिसले नाही, म्हणून मणक्याच्या कडेचा स्नायू थोडा बाजूला केला, आणि तिथे बारावी होती. पट्टी लावली तर जेमतेम ४ सेंटिमीटर भरली आणि तिचे टोक पूर्णपणे स्नायूत बुडालेले होते. मागून चाचपून ती आम्हाला आजही लागली नाही, जागा माहीत असूनसुद्धा.

ओळंबा पुन्हा सोडला. आयव्हीसी टी ८ च्या खालच्या अर्ध्या भागाला आली आणि अन्ननलिका टी १० च्या मध्याला. महाधमनीबाबत आमच्यात दोन तट पडले. कमानीचा मध्य धरला तर टी १२, आणि धंतोली सर म्हणतात तसा लिगामेंटचा खालचा काठ धरला तर बाराव्याच्या खालची चकती. डाव्या बाजूला मात्र बारावी बरगडी चांगली लांब आहे. आम्ही पहिल्यांदा उजवीकडूनच मोजले होते.

कामठी_रोड_मूत्रविकार
दोन्ही बाजू सारख्या नसणे अगदी नेहमीचे आहे. आमच्याकडे म्हणूनच ज्या बाजूची शस्त्रक्रिया, त्याच बाजूच्या बरगड्या मोजतात.

धंतोली_क्षकिरण
जर्नलमध्ये महाधमनीपुढे कोणता काठ धरला ते लिहा. नुसता आकडा लिहिलात तर पुढच्या वर्षी कुणीतरी हाच धागा पुन्हा काढेल.

बर्डीचा_बंड्या
मी माझी महाधमनी टी ५ वरून मागे घेतो. मॅडम, आयव्हीसी रुंदावते आणि अन्ननलिका चिमटते हे आता डोक्यात बसले, पण तुम्ही महाधमनीला 'सहसा' काही होत नाही असे लिहिले होते. तो 'सहसा' धंतोली सरांच्या सीलिॲकवाल्या रुग्णांसाठी होता का?

निवृत्त_शरीररचना
हो. आणि तिथेही दाबली जाते ती महाधमनीची शाखा, स्वतः महाधमनी नव्हे. परीक्षकांनी पुन्हा चष्म्यावरून पाहिले तर हे सांग.